कमिशनचा हिशेब नेमका कुठे वेगळा पडला?

तिमाही संपते, पुढच्या महिन्याच्या पगारासोबत इन्सेंटिव्ह जमा होतो आणि विक्री प्रतिनिधीच्या लक्षात येते की आपण धरलेल्या आकड्याच्या निम्मीच रक्कम आली आहे. मग फोन सुरू होतात. साहेब म्हणतात, ‘अरे, अकाउंट्सने काहीतरी धरलं असेल, पुढच्या क्वार्टरला अ‍ॅडजस्ट करू.’ अकाउंट्स म्हणते, ‘आम्हाला एचआरकडून जी शीट आली, तीच टाकली.’ एचआर सांगते, ‘तुमच्या साहेबांशी बोला.’ असे दोन-तीन महिने गेले की माणूस वैतागतो आणि एका रात्री लांबलचक मेल लिहून टाकतो: इतकी वर्षे राबलो, सणावारी गिऱ्हाइकांच्या दारात उभा राहिलो आणि शेवटी हे फळ मिळाले. त्या मेलला उत्तर येत नाही. आले, तर ‘आपल्या भावना पोचल्या’ एवढेच येते.

अशा पत्रात भावनेला जागा कमी आणि बेरीज-वजाबाकीला जास्त हवी. कमिशनच्या वादात बहुतेक वेळा विक्री किती झाली यावर दोन्ही बाजूंचे एकमत असते. त्याच विक्रीवर कमिशन कसे मोजायचे, एवढ्यावरच मतभेद असतो. आणि कसे मोजायचे हे सही झालेल्या इन्सेंटिव्ह प्लॅनमध्ये लिहिलेले असते. म्हणून चांगले पत्र दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडते आणि ते कोणत्या ओळीवर वेगळे पडले, तेथे बोट ठेवते. हे कसे करायचे, ते एक उदाहरण सोडवूनच पाहू. त्यातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. पण हिशेबाची पद्धत आणि त्यातल्या चुका रोज घडणाऱ्या आहेत.

समजा, पॅकेजिंगची यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीत एक विक्री प्रतिनिधी आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याने आणि कंपनीने वर्षाच्या इन्सेंटिव्ह प्लॅनवर सह्या केल्या. टार्गेट तिमाहीला ६० लाख रुपये. त्या दोन पानांतली चार कलमे आपल्या कामाची आहेत.

कलम ३ म्हणते की कमिशनसाठी विक्री म्हणजे तिमाहीत काढलेल्या बिलांची जीएसटी वगळून रक्कम, वजा त्याच तिमाहीतल्या क्रेडिट नोट. कलम ४ मध्ये स्लॅब आहेत: टार्गेटच्या ८० टक्क्यांखाली काही नाही, ८० ते १०० टक्क्यांच्या आत १ टक्का, १०० ते १२० टक्क्यांच्या आत दीड टक्का, १२० टक्के किंवा त्याहून अधिक झाल्यास २ टक्के. शेवटी एक ओळ आहे: ‘जो स्लॅब गाठला जाईल त्याचा दर तिमाहीच्या संपूर्ण निव्वळ विक्रीवर लागू होईल.’ कलम ६ नुसार बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत गिऱ्हाइकाचे पैसे आले नाहीत, तर त्या बिलावर दिलेले कमिशन पुढच्या इन्सेंटिव्हमधून वळते करता येते. आणि कलम ९ नुसार प्लॅनमधला कोणताही बदल लेखी कळवल्यानंतरच्या तिमाहीपासून लागू होतो.

आता जुलै ते सप्टेंबरची तिमाही पाहू. बिलांची जीएसटी वगळून बेरीज ७६,२०,००० रुपये. एका गिऱ्हाइकाने सुटे भाग परत केले, त्याची क्रेडिट नोट १,२०,००० रुपयांची. निव्वळ विक्री ७५,००,००० रुपये, म्हणजे टार्गेटच्या १२५ टक्के. दर २ टक्के, कमिशन दीड लाख रुपये. ऑक्टोबरच्या सॅलरी स्लिपवर मात्र इन्सेंटिव्हच्या रकान्यात ६९,००० रुपये होते.

येथे पहिली खबरदारी. तुलना करायची ती सॅलरी स्लिपवरच्या करपूर्व आकड्याशी. बँकेत जमा झालेल्या रकमेतून टीडीएस आधीच कापलेला असतो. अनेक जण बँकेच्या मेसेजमधला आकडा धरून फरक काढतात आणि पहिल्याच उत्तरात कंपनी ती चूक दाखवते. मग उरलेला खरा मुद्दाही हलका ठरतो. क्रेडिट नोटचेही तसेच. परत आलेल्या मालाची रक्कम वजा न करता, किंवा जीएसटीसह बिलाचा आकडा धरून मागणी केली, तर पत्र तेथेच पडते. आपल्या विरुद्ध जाणारी वजावट आपणच आधी दाखवली, तर पुढच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

दुसरे काम म्हणजे ६९,००० हा आकडा कसा आला ते शोधणे. त्यासाठी अकाउंट्सकडून हिशेबाची शीट मागायची, तीही मेलवर: ‘जुलै–सप्टेंबरच्या इन्सेंटिव्हचा बिलनिहाय हिशेब पाठवावा.’ पत्र लिहिण्याआधी ही शीट हातात असलीच पाहिजे. ती नसेल तर आपण अंदाजाशी भांडत राहतो. आपल्या उदाहरणात शीट आली आणि त्यात दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, विक्री ७५ लाखांऐवजी ६६ लाख धरली होती. सप्टेंबरमधल्या दोन बिलांचे पैसे ३० तारखेपर्यंत आले नव्हते, म्हणून ती बिले गाळली होती. गिऱ्हाइकांच्या खात्यावर १८ टक्के जीएसटीसह १०,६२,००० रुपये येणे दिसत होते. त्यातली जीएसटी वगळता रक्कम ९ लाख. दुसरी, स्लॅबचा दर संपूर्ण विक्रीला न लावता टप्प्याटप्प्याने लावला होता: पहिल्या ६० लाखांना १ टक्का, वरच्या ६ लाखांना दीड टक्का. ६०,००० अधिक ९,००० म्हणजे ६९,०००. कोडे सुटले.

आता फरकाचे ८१,००० रुपये या दोन कारणांत वाटून दाखवता येतात. आधी फक्त पहिला बदल करून पाहू. विक्री ६६ लाख धरली, पण दर कलम ४ प्रमाणे संपूर्ण विक्रीला लावला, तर ६६ लाख म्हणजे टार्गेटच्या ११० टक्के, दर दीड टक्का, कमिशन ९९,००० रुपये. म्हणजे बिले गाळल्यामुळे ५१,००० गेले. त्यानंतर टप्प्याटप्प्याच्या दरामुळे ९९,००० चे ६९,००० झाले. आणखी ३०,००० गेले. हाच क्रम उलटा घेतला तर वाटणी बदलते, एकूण फरक मात्र ८१,००० च राहतो. म्हणून पत्रात क्रम एकच ठेवावा आणि मागणी एकूण रकमेची करावी.

त्या ५१,००० कडे जरा थांबून पाहायला हवे, कारण विक्री प्रतिनिधींचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते आणि ते चटकन दिसत नाही. ९ लाखांवर २ टक्क्यांनी कमिशन होते १८,०००. मग ५१,००० कसे गेले? कारण ९ लाख गाळताच माणूस १२० टक्क्यांच्या, म्हणजे ७२ लाखांच्या रेषेखाली घसरला. उरलेल्या ६६ लाखांवरचा दरही २ वरून दीड टक्क्यावर आला, त्याचे ३३,००० गेले. ‘पुढच्या क्वार्टरला अ‍ॅडजस्ट करू’ या आश्वासनात हेच झाकले जाते. ती दोन बिले पुढच्या तिमाहीत धरली आणि ती तिमाही साधारण गेली, तर त्यांच्यावर १ टक्क्याने ९,००० रुपये मिळतील. या तिमाहीतला गेलेला स्लॅब परत येत नाही.

कंपनीचेही म्हणणे असते. गिऱ्हाइकाने पैसेच दिले नाहीत, तर कमिशन कशाला द्यायचे? प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच प्लॅनमध्ये कलम ६ आहे. १२० दिवस उलटून पैसे आले नाहीत, तर कंपनी त्या बिलांवरचे कमिशन, येथे १८,००० रुपये, वळते करून घेऊ शकते. मुदत संपण्याआधीच बिल गाळून स्लॅब खाली आणण्याचा अधिकार ते कलम देत नाही. कंपनीची काळजी कोणत्या कलमात आधीच सोडवलेली आहे, हे पत्रात स्वतःहून दाखवले की वाद बराच निवळतो.

दुसऱ्या मुद्द्यावर एक भक्कम पुरावा प्रतिनिधीच्या फाइलमध्येच होता. एप्रिल–जून तिमाहीत त्याची निव्वळ विक्री ६१ लाख होती आणि जुलैच्या सॅलरी स्लिपवर इन्सेंटिव्ह ९१,५०० रुपये. ६१ लाखांचा दीड टक्का बरोबर ९१,५००. टप्प्याटप्प्याने मोजले असते तर ६१,५०० आले असते. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी कंपनीनेच कलम ४ चा अर्थ ‘संपूर्ण विक्रीवर’ असा लावला होता. मजकूर संदिग्ध असेल, तर आधीच्या तिमाहीचे असे जमा झालेले आकडे फार उपयोगी पडतात.

आणखी एक कागद होता, तो कंपनीच्या बाजूचा. १८ ऑगस्टला विक्रीप्रमुखांचा मेल आला होता की यापुढे इन्सेंटिव्ह वसुलीवर मोजला जाईल. अशा मेलचा उल्लेख टाळण्याचा मोह होतो. टाळू नये, कंपनी तो काढणारच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ६२ प्रमाणे करार बदलायला दोन्ही पक्षांची संमती लागते. प्लॅनमध्येच बदलाचा अधिकार कंपनीने राखून ठेवला असेल, तर तो त्यात लिहिलेल्या रीतीनेच वापरावा लागतो. आपल्या उदाहरणातले कलम ९ बदल पुढच्या तिमाहीपासून म्हणते. म्हणजे ऑगस्टचा मेल फार तर ऑक्टोबरपासून लागू होईल.

एवढी तयारी झाली की पत्र लहान होते. ते असे असेल:

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
प्रत: विभागीय विक्री व्यवस्थापक, लेखा विभाग
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

विषय: जुलै–सप्टेंबर २०२५ तिमाहीच्या इन्सेंटिव्हमधील ८१,००० रुपयांचा फरक

महोदया,

ऑक्टोबर २०२५ च्या पगारासोबत मला वरील तिमाहीचा इन्सेंटिव्ह ६९,००० रुपये (करपूर्व) मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये सही झालेल्या प्लॅननुसार ही रक्कम १,५०,००० रुपये होते. लेखा विभागाने पाठवलेल्या शीटवरून दोन्ही हिशेब खाली मांडले आहेत.

| बाब | प्लॅनप्रमाणे | दिलेल्या शीटप्रमाणे |
|---|---|---|
| बिले, जीएसटी वगळून | ७६,२०,००० | ७६,२०,००० |
| वजा क्रेडिट नोट | १,२०,००० | १,२०,००० |
| वजा ३० सप्टेंबरला येणे असलेली दोन बिले | – | ९,००,००० |
| कमिशनयोग्य विक्री | ७५,००,००० | ६६,००,००० |
| टार्गेटशी प्रमाण | १२५ टक्के | ११० टक्के |
| लावलेला दर | संपूर्ण विक्रीवर २ टक्के | ६० लाखांवर १ टक्का, ६ लाखांवर दीड टक्का |
| इन्सेंटिव्ह | १,५०,००० | ६९,००० |

फरक दोन ठिकाणी आहे.

१. कलम ३ नुसार विक्री बिलांवर मोजायची आहे. १६ आणि २४ सप्टेंबरची दोन बिले (५,५०,००० आणि ३,५०,००० रुपये) वसुली न झाल्याने गाळली आहेत. वसुलीसाठी कलम ६ मध्ये १२० दिवसांची मुदत आहे. पहिल्या बिलाची मुदत १४ जानेवारी २०२६ ला संपते. मुदतीनंतरही पैसे न आल्यास कलम ६ प्रमाणे वळते करण्यास माझी हरकत नाही.

२. कलम ४ नुसार गाठलेल्या स्लॅबचा दर संपूर्ण निव्वळ विक्रीवर लागू होतो. एप्रिल–जून तिमाहीत ६१ लाखांच्या विक्रीवर ९१,५०० रुपये याच पद्धतीने दिले गेले होते.

१८ ऑगस्टच्या मेलमधील बदल कलम ९ नुसार ऑक्टोबर–डिसेंबर तिमाहीच्या आधी लागू होऊ शकत नाही, असे माझे म्हणणे आहे. त्या बदलाला माझी संमती आहे, असा याचा अर्थ नाही.

मिळालेले ६९,००० रुपये मी अंशतः जमा म्हणून स्वीकारले आहेत. उरलेले ८१,००० रुपये नोव्हेंबरच्या पगारासोबत द्यावेत. माझ्या हिशेबात चूक असल्यास प्लॅनचे कोणते कलम लागू होते, ते १५ दिवसांत लेखी कळवावे. रक्कम थकल्यास तीवरील व्याजाची मागणी करण्याचा हक्क मी राखून ठेवतो.

सोबत: सही झालेल्या प्लॅनची प्रत, लेखा विभागाची शीट, बिलांची यादी, जुलै व ऑक्टोबरच्या सॅलरी स्लिप.

आपला विश्वासू,

पत्रात कोणावर आरोप नाही, म्हणून वाचणाऱ्या एचआर अधिकाऱ्याला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. दोन रकाने ताडून पाहायचे आहेत. ‘अंशतः जमा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण पैसे मुकाट घेतले तर पुढे ‘हिशेब मान्य होता’ असे म्हणायला वाट मिळते. कलम मागण्याची विनंतीही मुद्दाम केलेली आहे: ‘कंपनीचे धोरण आहे’ या उत्तराने तिची पूर्तता होत नाही. व्याजाची ओळ लिहिली, कारण १९७८ च्या व्याज कायद्यानुसार व्याज केव्हापासून धरायचे हे ठरवताना लेखी मागणीची तारीख कामी येऊ शकते. कंपनीचा रोजचा व्यवहार इंग्रजीत असेल, तर पत्रही इंग्रजीतच द्यावे. मांडणी हीच ठेवावी.

पुरावे जोडताना एक पथ्य पाळायचे. गिऱ्हाइकांच्या याद्या, दरपत्रके, कंपनीचा सगळा डेटा स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नये. गोपनीयतेचा भंग झाला, असा उलटा आरोप तेथूनच सुरू होतो. बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम पुरेशी आहे. मूळ बिले कंपनीकडे असतातच. सही झालेला प्लॅन आणि आपल्या सॅलरी स्लिप मात्र मिळाल्या दिवशीच जपून ठेवाव्यात. नोकरी सुटली की मेलबॉक्स बंद होतो.

पत्राचा उपयोग झाला नाही तर? कामगार कायद्यांत कमिशनची जागा अवघड आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ‘वेतन’ या व्याख्येतून कमिशन वगळले आहे. वगळलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तरच वरचा भाग वेतनात धरला जातो. विक्री प्रतिनिधी ‘कामगार’ आहे का, हाही जुना वाद. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अद्यंतया विरुद्ध सँडोझ प्रकरणात औषध कंपन्यांचे प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्याखालचे कामगार नाहीत, असे ठरवले होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा समावेश आहे. व्यवस्थापकीय काम करणारे मात्र बाहेर आहेत. त्यामुळे आपण कोठे बसतो हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. दिवाणी दाव्याची वाट करारावर उभी असते आणि वेतनाच्या थकबाकीसाठी मुदत कायदा, १९६३ प्रमाणे रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. ‘बघतो, करतो’ अशा तोंडी आश्वासनाने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी कंपनीने थकबाकी लेखी आणि सहीनिशी कबूल केली, तर ती नव्याने मोजली जाते.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. प्लॅनवर कंपनीची सही नसेल, ‘इन्सेंटिव्ह देणे न देणे सर्वस्वी व्यवस्थापनाच्या मर्जीवर’ असे वाक्य असेल, किंवा देय तारखेला नोकरीत असणे ही अट असेल, तर इतका स्वच्छ हिशेब मांडूनही मागणी कमकुवत ठरू शकते. नोकरी सोडताना ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर ‘माझे काही येणे नाही’ अशी ओळ असते. तिच्याखाली विचार न करता सही केली, तर ८१,००० चा हा दावा पुढे चालवणे फार कठीण जाते. तेथे ‘जुलै–सप्टेंबर इन्सेंटिव्हच्या फरकाचा हक्क राखून’ असे लिहूनच सही करावी.

आपल्या उदाहरणातला वाद दोन ओळींमुळे झाला: विक्री बिलावर की वसुलीवर, आणि दर संपूर्ण विक्रीवर की टप्प्याटप्प्याने. म्हणून नव्या वर्षाचा प्लॅन सहीसाठी समोर येईल, तेव्हा एवढेच करा. टार्गेटच्या ९५, ११० आणि १२५ टक्के विक्रीवर किती रुपये मिळतील, काही बिले उधारीवर राहिली तर काय होईल, हे आकड्यांत सोडवून त्याच कागदाला जोडून मागा आणि त्या उदाहरणाखालीही दोघांच्या सह्या घ्या.